एका पायरीत एकच कृती, आणि बटण नावानिशी

लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या ट्यूटोरियलमध्ये एखादी पायरी अशी लिहिलेली असते:

> सीएसव्ही फाइल उघडून योग्य एन्कोडिंग व सेपरेटर निवडून कोडचा कॉलम टेक्स्ट करून घ्या आणि फाइल सेव्ह करा.

वाक्य शुद्ध आहे, व्याकरणात चूक नाही आणि माहितीही खोटी नाही. कॅल्क रोज वापरणारा माणूस ते वाचून मान डोलावेल. पण हे लिहिलंय ते पहिल्यांदाच सीएसव्ही फाइल उघडणाऱ्यासाठी, आणि तो या वाक्याच्या पहिल्या तीन शब्दांनंतरच थांबणार. कारण फाइल उघडायला गेलं की समोर Text Import नावाची एक मोठी खिडकी येते. तिच्यात याद्या, टिक करायचे चौकोन आणि खाली आकड्यांचा तक्ता असतो. वाक्यात या खिडकीचा उल्लेखसुद्धा नाही.

अशी पायरी मोडून पुन्हा कशी लिहायची, ते याच एका उदाहरणावर सावकाश पाहू. `vastu.csv` नावाची अगदी छोटी फाइल घेऊ. सीएसव्ही म्हणजे साधी मजकूर फाइल, जिच्यात रकाने स्वल्पविरामासारख्या एखाद्या चिन्हाने, म्हणजे सेपरेटरने, वेगळे केलेले असतात:

```
कोड,वस्तू,दिनांक
00417,वही,05/03/2024
01120,पेन्सिल,17/03/2024
```

या तीन ओळींत सीएसव्हीचे नेहमीचे तीन सापळे आहेत. मजकूर देवनागरी आहे, कोडच्या सुरुवातीला शून्यं आहेत आणि तारखा दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने आहेत.

लिहायला बसण्याआधी मूळ वाक्यातल्या कृती मोजायच्या. मराठीत त्या लपवणं फार सोपं आहे, कारण ‘ऊन’ लावलं की क्रियापद वाक्यात मुकाट्याने सरकतं. उघडून, निवडून, करून घ्या: एका पूर्णविरामाच्या आत कितीही कृती मावतात आणि वाक्य तरीही सुरळीत वाटतं. म्हणून कच्चा मसुदा तपासताना मी आधी ‘ऊन’ आणि ‘व’, ‘आणि’ यांच्याखाली रेघ मारायला सांगेन. जिथे रेघ पडली तिथे बहुधा एक पायरी तुटायची आहे. वरच्या वाक्यात अशा पाच जागा आहेत, पण प्रत्यक्ष पडद्यावर करायच्या कृती त्याच्या तिप्पट निघतात. उरलेल्या कृती ‘योग्य’ आणि ‘करून घ्या’ या दोन ठिकाणी दडल्या आहेत.

‘योग्य’ हा शब्द सूचनेत आला की समजावं, लेखकाने स्वतःचा निर्णय वाचकाच्या गळ्यात घातलाय. एन्कोडिंग म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत. त्यातली योग्य कोणती ते वाचकाला माहीत असतं, तर तो ट्यूटोरियल उघडून बसलाच नसता. फाइल आपणच दिली आहे, ती यूटीएफ-८ मध्ये आहे हे आपल्याला माहीत आहे, मग सरळ लिहावं: Character set या यादीत Unicode (UTF-8) निवडा. ‘आवश्यक ते बदल करा’, ‘गरजेप्रमाणे सेट करा’, ‘नेहमीप्रमाणे सेव्ह करा’ हे सगळे ‘योग्य’चेच भाऊबंद. पायरीत निर्णय असेल तर एक तर उत्तर द्यायचं, नाहीतर उत्तर कसं ओळखायचं ते सांगायचं.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण याच यादीत मिळतं. वाचक आपली नव्हे तर स्वतःची फाइल उघडणार असेल तर एन्कोडिंग आपल्याला सांगता येत नाही. मग ओळखीची खूण द्यावी. यूटीएफ-८ मधला देवनागरी मजकूर पाश्चिमात्य एन्कोडिंग समजून वाचला गेला, तर ‘म’ हे अक्षर `à¤®` असं दिसतं. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट जवळजवळ नेहमी तोच आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. त्यामुळे बिघडलेल्या मजकुरात `à¤` किंवा `à¥` ही जोडी पुन्हापुन्हा दिसते. ही जोडी दिसली की Unicode (UTF-8) निवडायचं, एवढं सांगितलं तरी वाचक स्वतःच्या फाइलवर निर्णय घेऊ शकतो. शिवाय खिडकीच्या तळाचा तक्ता निवड बदलताच बदलतो, त्यामुळे OK न दाबताच निकाल समोर येतो.

आता बटणांच्या नावांकडे येऊ. नाव पडद्यावर जसं आहे तसंच लिहायचं. स्पेलिंग तेच, कॅपिटल अक्षरं तीच, लिपीही तीच. ‘ओपन बटण’ असं देवनागरीत लिहिलं तर वाचकाला आधी ते मनात इंग्रजीत फिरवून मग पडद्यावर शोधावं लागतं. ‘उघडा’ असं भाषांतर केलं तर तेही जमत नाही, कारण पडद्यावर ‘उघडा’ कुठेच नाही. अपवाद एकच: वाचकाचं सॉफ्टवेअर मराठी इंटरफेसमध्ये असेल तर नावंही मराठी इंटरफेसमधलीच हवीत. लिब्रेऑफिसचा इंटरफेस मराठीतही मिळतो, म्हणून सुरुवातीलाच ‘इथली नावं इंग्रजी इंटरफेसप्रमाणे आहेत’ असं एक वाक्य टाकणं गरजेचं आहे. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

नाव ठळक केलं की त्याला मराठी प्रत्यय थेट चिकटवायचा नाही. ‘Commaला’ असं लिहिलं की नाव कुठे संपलं ते नजरेला चाचपडावं लागतं. मध्ये जागा सोडावी, नाहीतर ‘Comma या चौकोनात’ असं लिहावं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण तिच्यात ती वस्तू कोणत्या जातीची आहे हेही कळतं. बटण, यादी, चौकोन, मेनू, तक्त्यातलं शीर्षक: पडद्यावर काय शोधायचं याचा आकार वाचकाच्या डोळ्यासमोर येतो. लिब्रेऑफिसच्या मेनूत Open... पुढे तीन टिंबं असतात. ती ठेवायची की गाळायची याबद्दल मतभेद आहेत. मी ठेवते, कारण त्यावरून पुढे आणखी एक खिडकी येणार हे कळतं.

रंग आणि जागेवर मात्र विसंबू नये. ‘उजवीकडचं निळं बटण’ दुसऱ्या थीममध्ये निळं नसतं, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उजवीकडेही नसतं आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तर यातलं काहीच मिळत नाही. स्क्रीन रीडर बटणाचं नाव वाचतो, तेव्हा नावच द्यावं. जागा सांगायची असेल तर ती खिडकीच्या भागाच्या नावाने सांगावी, जसं ‘Separator Options या भागात’.

मराठी वाक्यरचना इथे आपल्या बाजूने उभी राहते. क्रियापद शेवटी येत असल्याने ‘कुठे, कशावर, काय करा’ हा क्रम आपोआप जमतो: Separator Options या भागात Comma या चौकोनात टिक करा. वाचकाची नजर आधी भागावर जाते, मग चौकोनावर, आणि तिथे पोचल्यावर त्याला काय करायचं ते कळतं. उलट क्रमाने, म्हणजे ‘टिक करा Comma ला, जे Separator Options मध्ये आहे’, असं कोणी बोलत नाही. पण इंग्रजी ट्यूटोरियल समोर ठेवून लिहिताना अशी वाक्यं निघतात, आणि ती लगेच ओळखू येतात.

क्रियापदंही ठरवून घ्यावीत. यादीतून ‘निवडा’, चौकोनात ‘टिक करा’ किंवा ‘टिक काढा’, बटण ‘दाबा’, तक्त्यातल्या शीर्षकावर ‘क्लिक करा’. एकदा ठरलं की पूर्ण ट्यूटोरियलभर तेच. शाळेच्या निबंधात एक शब्द पुन्हा आला की खटकतो. सूचनांमध्ये मात्र शब्द बदलला की वाचकाला वाटतं, कृतीच बदलली.

चौकोनांच्या बाबतीत एक बारीक पण त्रासदायक गोष्ट आहे. ‘Comma वर क्लिक करा’ ही सूचना काही वाचकांच्या बाबतीत उलटा परिणाम करू शकते. Text Import ही खिडकी मागच्या वेळच्या निवडी लक्षात ठेवते. ज्याच्याकडे Comma ला आधीच टिक आहे, त्याने क्लिक केलं की टिक निघून जाते आणि तिन्ही स्तंभ एकाच स्तंभात गोळा होतात. म्हणून दोन अवस्था असलेल्या कुठल्याही गोष्टीबाबत कृतीऐवजी शेवटची अवस्था सांगायची: ‘टिक नसेल तर टिक करा’. तसंच इतर चौकोनांचं. आधी कधीतरी Space ला टिक राहिलेली असेल, तर या छोट्या फाइलमध्ये काही बिघडणार नाही, पण ‘निळा पेन’ अशी दोन शब्दांची वस्तू आली की ती दोन स्तंभांत तुटेल आणि तारीख चौथ्या स्तंभात ढकलली जाईल.

आता ‘कोडचा कॉलम टेक्स्ट करून घ्या’. यात दोन कृती आहेत आणि त्यांचा क्रम सक्तीचा आहे. आधी तळाच्या तक्त्यात त्या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करावं लागतं, मगच Column type ही यादी वापरता येते. तोवर ती फिकट, बंद असते. एकाच वाक्यात लिहिलं तर वाचक आधी यादीकडे जातो, कारण ‘टेक्स्ट’ तिथे असणार असा त्याचा अंदाज असतो, आणि यादी उघडत नाही. मग त्याला वाटतं, सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी बिघाड आहे. पायरी तोडण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच: दुसरी कृती पहिलीवर अवलंबून असेल तर दोघींना वेगवेगळे क्रमांक मिळालेच पाहिजेत.

ही पायरी चुकली तर काय होतं तेही लिहायला हवं, आणि ते OK दाबण्याच्या आधी. स्तंभ Standard राहिला तर `00417` हा मजकूर संख्या समजला जातो आणि पेशीत `417` उरतं. नंतर त्या पेशींचं स्वरूप बदलून टेक्स्ट केलं तरी शून्यं परत येत नाहीत, कारण ती आत साठवलेलीच नसतात. फाइल बंद करून पुन्हा उघडणं हाच सरळ मार्ग उरतो. असा इशारा पायऱ्या संपल्यावर ‘टीप’ म्हणून खाली टाकलेला दिसतो. तो वाचेपर्यंत वाचकाने बटण दाबलेलं असतं. ज्या कृतीने नुकसान होणार, तिच्या लगेच आधी इशारा हवा.

तारखेच्या स्तंभाला हेच करायचं, पण ‘दिनांकासाठीही असंच करा’ असं लिहून चालणार नाही. ‘असंच’ म्हटलं की वाचक तिथेही Text निवडेल. तिथे Date (DMY) हवं. हे न केल्यास काय होईल ते आणखी एका चौकोनावर ठरतं. Detect special numbers ला टिक नसेल तर तारखा नुसता मजकूर म्हणून येतात आणि त्यांच्यावर वजाबाकी किंवा क्रमवारी नीट चालत नाही. टिक असेल आणि खिडकीत वर निवडलेली भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, तर जास्त वाईट घडतं. `05/03/2024` ही ५ मार्चऐवजी ३ मे होते, आणि `17/03/2024` ला सतरावा महिना नसल्याने ती मजकूरच राहते. एकाच स्तंभात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. Date (DMY) ठरवून दिलं की यातलं काही होत नाही.

एवढं झाल्यावर मूळ वाक्याचं रूप असं होतं:

फाइल आत घेणे

१. File > Open... निवडा.
२. फाइलींच्या यादीत `vastu.csv` निवडा.
३. Open बटण दाबा.
   Text Import ही खिडकी उघडते.
४. Character set या यादीत Unicode (UTF-8) निवडा.
   तळाच्या तक्त्यात ‘वही’, ‘पेन्सिल’ हे शब्द नीट वाचता येतात.
५. Separator Options या भागात Separated by निवडलेलं नसेल तर ते निवडा.
६. Comma या चौकोनात टिक नसेल तर टिक करा.
७. Tab, Semicolon, Space, Other यांपैकी ज्याला टिक असेल त्याची टिक काढा.
   तक्त्यात तीन स्तंभ दिसतात.
८. तक्त्यात पहिल्या स्तंभाच्या वरच्या Standard या शीर्षकावर क्लिक करा.
९. Column type या यादीत Text निवडा.
   त्या स्तंभाचं शीर्षक Text होतं.
१०. तक्त्यात तिसऱ्या स्तंभाच्या वरच्या Standard या शीर्षकावर क्लिक करा.
११. Column type या यादीत Date (DMY) निवडा.
    *पहिल्या स्तंभाचं शीर्षक Text नसेल तर पुढे जाऊ नका. कोडमधली शून्यं जातील.*
१२. OK बटण दाबा.

फाइल साठवणे

१. File > Save As... निवडा.
२. फाइल प्रकाराच्या यादीत ODF Spreadsheet (.ods) निवडा.
३. Save बटण दाबा.

एका वाक्याच्या पंधरा पायऱ्या झाल्या, आणि ‘हे फारच लांबलं’ हा आक्षेप इथे हमखास येतो. लांबी कागदावर वाढली, पण काम करायला लागणारा वेळ घटला, कारण वाचक कुठेच विचारात पडून थांबत नाही. शिवाय साठवण्याचं काम मी मुद्दाम वेगळ्या शीर्षकाखाली टाकलं. ते वेगळं काम आहे, वेगळ्या खिडकीत होतं आणि ज्याला फक्त फाइल पाहायची आहे त्याला ते लागतही नाही.

निकालाच्या ओळींना क्रमांक दिलेले नाहीत, हे लक्षात घ्या. ‘खिडकी उघडते’ ही वाचकाची कृती नव्हे. तिला क्रमांक दिला तर वाचक काहीतरी करायचं राहिलं का म्हणून शोधत बसतो. प्रत्येक पायरीखाली निकालही नको. जिथे पडदा बदलतो आणि जिथे चूक पकडता येते, तिथेच तो ठेवायचा. Comma ला टिक केल्यावर काय दिसतं ते न सांगता मी सातव्या पायरीनंतर ‘तीन स्तंभ दिसतात’ असं लिहिलं, कारण सेपरेटरची तपासणी तिथे पूर्ण होते.

पहिल्या पायरीत दोन क्लिक आहेत हेही खरं. मेनू उघडणं आणि त्यातली ओळ निवडणं यांना वेगळे क्रमांक देणं माझ्या मते अती होतं. मेनू उघडल्यावर दुसरं काही करण्यासारखं नसतं आणि चुकलं तरी काही बिघडत नाही. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या मार्गदर्शिकेतही अशा छोट्या, सलग निवडी `>` चिन्हाने जोडायला मुभा आहे. सातव्या पायरीतही चार चौकोन आहेत, पण कृती एकाच जातीची, एकाच रांगेत आणि क्रम कुठलाही चालतो. तोडण्याचा निकष क्लिकची संख्या हा नाही. मधे काही बिघडू शकतं का, काही पाहावं लागतं का, निर्णय घ्यावा लागतो का, हे विचारायचं.

विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी बनलेलं एएसडी-एसटीई १०० हे मानक या बाबतीत बरंच कडक आहे. १९८६ साली युरोपातल्या विमान उद्योगाने सोप्या इंग्रजीची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातून ते आलं. सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द आणि एका वाक्यात एकच सूचना, असा त्याचा नियम. पण तिथेही सवलत आहे: दोन कृती एकाच वेळी करायच्या असतील तर त्या एकाच वाक्यात याव्यात. कॅल्कच्या याच तक्त्यात एकापेक्षा जास्त स्तंभ निवडायचे असतील तर ‘Ctrl दाबून ठेवा आणि दुसऱ्या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करा’ हे एकत्रच लिहायला हवं. तोडलं तर वाचक Ctrl दाबेल, सोडेल आणि मग पुढची पायरी वाचेल.

एक मर्यादा मान्य करावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतली आणि साठवण्याची खिडकी बहुतेक वेळा लिब्रेऑफिसची नसते, ऑपरेटिंग सिस्टिमची असते. तिच्यातल्या बटणांची आणि याद्यांची नावं सिस्टिमप्रमाणे आणि तिच्या भाषेप्रमाणे बदलतात. म्हणूनच ‘फाइल प्रकाराच्या यादीत’ असं वर्णन केलं, तिचं नाव दिलं नाही. तुमचे सगळे वाचक एकाच सिस्टिमवर असतील, उदाहरणार्थ एकाच कार्यालयातले, तर तिथलं नेमकं नाव जरूर द्या.

लिहून झालं की तपासणी दोन प्रकारे करावी. पहिली, स्वच्छ मांडणीत. लेखकाच्या संगणकावर खिडकीने आधीच्या निवडी लक्षात ठेवलेल्या असतात, त्यामुळे पाचवी किंवा सातवी पायरी गाळली तरी त्याचं काम होतं आणि चूक कळतच नाही. लिब्रेऑफिसमध्ये Help > Restart in Safe Mode... निवडलं आणि सुरू झाल्यावर Continue in Safe Mode दाबलं, की तात्पुरतं कोरं प्रोफाइल मिळतं. त्यात सगळ्या पायऱ्या जशा लिहिल्या तशाच करून पाहायच्या. त्यानंतर मुद्दाम Space ला टिक करून, Comma ची काढून एकदा फाइल आत घ्यायची आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. दोन्ही वेळा शेवटी `00417` दिसलं पाहिजे.

दुसरी तपासणी माणसाकडून. ज्याने हे काम केलेलं नाही त्याच्या हाती पायऱ्या द्यायच्या आणि आपण गप्प बसायचं. त्याचा माउस जिथे हवेत फिरतो तिथे नाव चुकलंय किंवा जागा सांगितलेली नाही. तो वाचायला परत वळून तीच ओळ दुसऱ्यांदा वाचतो तिथे एका पायरीत दोन कृती उरल्या आहेत. आणि तो ‘झालं का?’ असं विचारतो तिथे निकालाची ओळ कमी पडली आहे. त्याला तोंडी मदत केली तर ते शब्द लगेच टिपून घ्यावेत, कारण पायरीत राहून गेलेला मजकूर बहुधा तोच असतो.

नेमकी नावं दिल्यामुळे एक काम मागे लागतं: सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की नावं बदलू शकतात. त्यासाठी ट्यूटोरियलच्या वर आवृत्तीचा क्रमांक आणि तपासल्याची तारीख लिहावी, आणि वापरलेल्या सगळ्या नावांची एक यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. नवी आवृत्ती आली की ती यादी घेऊन खिडक्या उघडून पाहायच्या. जे नाव पडद्यावर सापडलं नाही, ते पूर्ण मजकुरात शोधून बदलायचं. आधीपासून सगळीकडे नाव अक्षरशः तसंच लिहिलेलं असेल तर हा शोध एका फटक्यात पुरा होतो. कुठे ‘कॉलम टाइप’, कुठे ‘स्तंभाचा प्रकार’ असं लिहिलं असेल तर प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचावी लागते.